डोक्यातून उगवलेला खांब: माझा अनुभव

गोदाघाटावर आईचा फोटो काढला, तर मागचा दिव्याचा खांब थेट तिच्या अंबाड्यातून उगवलेला. f/1.8 वर खांब धूसर झाला, पण डोक्यावरच राहिला. कॅमेरा नुसता वळवला, तर दोघंही फ्रेममध्ये एकत्रच सरकले. घरी क्लोन टूलने पुसला, तर केसांच्या कडेला डाग. वैताग आला.

दुसऱ्या संध्याकाळी आईला जागेवरच उभं केलं. ती माझ्यापासून दोनेक मीटरवर, खांब पंधराएक मीटरवर. आधी मी चार बोटं डावीकडे सरकलो. खांब कानाला टेकला, म्हणजे आणखी वाईट! मग अर्धं पाऊल डावीकडे. खांबही डावीकडे सुटला, मधे आकाशाची पट्टी दिसली. तेव्हाच पुन्हा डोळ्यावर फोकस करून फोटो घेतला.