बेरजेचा वर्ग की वर्गांची बेरीज? नववीच्या सूत्रांच्या सरावपत्रिकेत या चुका टाळा

नववीच्या सरावपत्रिकेत साधारण दोन भाग असतात. पहिल्या भागात कंस सोडवून विस्तार करायचा, दुसऱ्यात अवयव पाडायचे, आणि प्रत्येक उदाहरणापुढे एक रिकामी जागा: ‘वापरलेल्या सूत्राचे नाव’. ही जागा बहुतेक पोट्टे सगळं सोडवून झाल्यावर, वही द्यायच्या आधी घाईघाईत भरतात. ‘सूत्र १’, ‘सूत्र २’, ‘वरचंच सूत्र’. तिथेच खरी गोची आहे. नाव आधी लिहायचं असतं, आणि तेही शब्दांत.

कारण साधं आहे. (a + b)² चं नाव ‘बेरजेचा वर्ग’. म्हणजे आधी बेरीज, मग तिचा वर्ग. a² + b² ही ‘वर्गांची बेरीज’. म्हणजे आधी वर्ग, मग त्यांची बेरीज. शब्द तेच, क्रम उलटा, आणि उत्तर वेगळं. ‘सूत्र १’ असं लिहिणाऱ्याला हा फरक कधी ऐकूच येत नाही.

हरवलेलं मधलं पद

सगळ्यात जुनी चूक हीच: (2x + 5)² = 4x² + 25. दरवर्षी, प्रत्येक वर्गात, पहिल्या बाकावरसुद्धा.

ही चूक वावरात उभं राहून समजते. समजा साठ मीटर बाजूचं चौरस वावर आहे. पूर्वेचा आणि दक्षिणेचा धुरा पाच-पाच मीटर पुढे सरकवला. आता बाजू 65 मीटर, क्षेत्रफळ 65² = 4225 चौरस मीटर. पण ‘60² + 5²’ केलं तर 3600 + 25 = 3625 येतात. 600 चौरस मीटर कुठे गेले? पूर्वेची पट्टी 60 × 5 = 300, दक्षिणेची पट्टी 60 × 5 = 300. हिशोबात घेतला तो फक्त कोपऱ्यातला 5 × 5 चा तुकडा. म्हणजे सातबाऱ्यावरचे सरळ सहा आर गायब. सहा आरासाठी भावाभावांत तंटे होतात, आणि वहीत मात्र ते कोणाला दिसत नाहीत. त्या दोन पट्ट्या म्हणजेच 2ab. दोन आहेत म्हणून 2, आणि प्रत्येक पट्टी a लांब, b रुंद म्हणून ab.

ही चूक पुढे काय करते ते एका वहीत फार स्वच्छ दिसलं. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या भागात तिने (2x + 5)² = 4x² + 25 लिहिलं. पडताळा घ्यायचा म्हणून x = 0 ठेवलं. डावीकडे 5² = 25, उजवीकडे 25. जुळलं, म्हणून बरोबरची खूण. दुसऱ्या भागात 4x² + 25 चे अवयव पाडायचे होते. तिथे तिने वरचंच उलटं लिहिलं: (2x + 5)². पुन्हा जुळलं. म्हणजे चुकीचा विस्तार चुकीच्या अवयवांना साक्षीदार, आणि चुकीचे अवयव विस्ताराला. दोघांनी मिळून खोटी साक्ष दिली. पत्रिकेत पुढे 4x² + 20x + 25 आलं तेव्हा ती अडली. 4x² + 25 तर ‘संपलेले’, मग हे 20x कुठून आलं? तिने उत्तर लिहिलं: (2x + 5)² + 20x.

या उत्तरावर हसू येतं, पण तिच्या बाजूने पाहिलं तर ते अगदी सुसंगत आहे. खरं उत्तर उलटं आहे. 4x² + 20x + 25 हाच (2x + 5) या बेरजेचा पूर्ण वर्ग, आणि 4x² + 25 ही वर्गांची बेरीज, जिचे नववीच्या पातळीवर अवयव पडतच नाहीत. सरावपत्रिका काढणारे असं एखादं उदाहरण मुद्दाम टाकतात. तिथे ‘अवयव पडत नाहीत’ हेच उत्तर आहे, आणि ते लिहायला लाजायचं कारण नाही.

या गोंधळाला पाठ्यक्रमाचीही थोडी साथ आहे. आठवीत विस्तारसूत्रांचं प्रकरण वेगळं आणि अवयवांचं वेगळं. त्यामुळे मुलांच्या डोक्यात दोन वेगळे खण तयार होतात. प्रत्यक्षात ओळ एकच आहे: (a + b)² = a² + 2ab + b². डावीकडून उजवीकडे वाचली की विस्तार, उजवीकडून डावीकडे वाचली की अवयव.

पडताळा शून्याने घेऊ नका

त्या मुलीचा पडताळा फसला कारण x = 0 ठेवलं की x असलेली सगळी पदं मरतात. मधलं पद आहे की नाही हे शून्याला कधीच कळणार नाही. x = 1 ठेवलं तर x² आणि x दोन्ही 1, म्हणजे घात चुकला तरी लपतो. x = 2 ठेवलं तर x² पण 4 आणि 2x पण 4. हे तिन्ही आकडे आळशी लोकांचे आवडते, म्हणून तिन्ही टाळावेत.

10 घ्या. (2x + 5)² मध्ये x = 10 ठेवलं की 25² = 625. विस्तारात 400 + 200 + 25 = 625. जमलं. मधलं पद विसरलं तर 425 येतात. सहगुणकाचा वर्ग न करता 2x² + 20x + 25 लिहिलं तरी 425 येतात. आकडा एकच आला तरी दोन्ही वेळा चूक पकडली जाते. 10 घेतल्याने गुणाकार तोंडी होतो, कच्च्या कामाला कागद लागत नाही. दोन चलं असतील तर x = 10 आणि y = 3 ठेवावं. y ला 1 दिला की y चे घात पुन्हा लपतात.

एक मर्यादा लक्षात असू द्या. आकडे जुळले नाहीत तर उत्तर नक्की चूक. जुळले तर बहुधा बरोबर, पण ती सिद्धता नव्हे. सिद्धता म्हणजे कंस उघडून पदापद मिळवणे.

टोकं बघून उडी मारणे

दुसरी आवडती चूक अवयवांची. 4x² + 13x + 9 दिसलं की डोळे आधी टोकांवर जातात. 4x² हा 2x चा वर्ग, 9 हा 3 चा वर्ग, आणि लगेच लिहून मोकळे: (2x + 3)². मधल्या 13x कडे कोणी बघतही नाही. ज्यांनी गाईडातली दहा उत्तरं आधी वाचून ठेवली असतात ते हमखास इथे पडतात, कारण गाईडात सूत्र ओळखून झालेलं असतं. ओळखायचा सराव त्यातून मिळतच नाही.

बेरजेचा वर्ग आहे की नाही, याची परीक्षा टोकांची नसते, मधल्या पदाची असते. टोकांची मुळं 2x आणि 3. त्यांचा गुणाकार 6x, दुप्पट 12x. दिलंय 13x. एक x जास्त आहे, म्हणून हा पूर्ण वर्ग नाही. 10 ठेवून बघा: दिलेली राशी 400 + 130 + 9 = 539, आणि 23² = 529. फरक बरोबर दहाचा, म्हणजे त्याच एका x चा.

मग मधलं पद फोडायचं. पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार 4 × 9 = 36. ज्यांचा गुणाकार 36 आणि बेरीज 13, त्या संख्या 4 आणि 9. म्हणून

4x² + 4x + 9x + 9 = 4x(x + 1) + 9(x + 1) = (x + 1)(4x + 9)

पडताळा: 11 × 49 = 539. रिकाम्या जागेत इथे वर्गाच्या सूत्राचं नाव येत नाही, ‘मधले पद फोडून’ असं लिहायचं. 4x² + 12x + 9 असतं तरच ‘बेरजेचा वर्ग’ लिहिता आलं असतं.

टोकांवर एक नजर टाकावीच, पण ती चिन्हासाठी. शेवटचं पद ऋण असेल तर तो पूर्ण वर्ग असूच शकत नाही, कारण (2x − 5)² मध्येही शेवटी +25 च येतात. उत्तर 4x² − 20x + 25. शेवटी −25 लिहिणारे ‘वजाबाकीचा वर्ग’ आणि ‘वर्गांची वजाबाकी’ यांची खिचडी करतात. 4x² − 25 ही वर्गांची वजाबाकी, आणि तिचे अवयव (2x + 5)(2x − 5).

घनांची भानगड

इथेही नावच वाचवतं. (x + 2)³ हा बेरजेचा घन: x³ + 6x² + 12x + 8. x³ + 8 ही घनांची बेरीज: (x + 2)(x² − 2x + 4). पहिल्यात चार पदं, दुसऱ्यात दोनच. दुसऱ्या कंसातलं मधलं पद −ab आहे, −2ab नव्हे. वर्गाची सवय लागलेला हात तिथे −4x लिहून मोकळा होतो. दहाने पाहा: 1000 + 8 = 1008, आणि 12 × 84 = 1008. −4x लिहिलं तर 12 × 64 = 768. आणि (x² − 2x + 4) ला (x − 2)² समजून पुढे फोडायला जाऊ नका. तो पूर्ण वर्ग नाही, तिथेच थांबायचं.

तीन पदांच्या बेरजेच्या वर्गात चिन्ह पदाला चिकटलेलं धरा. (2x − y + 3z)² मध्ये b म्हणजे y नाही, −y. मग −4xy, −6yz, +12zx आपोआप येतात.

सामाईक अवयव आधी

4x² − 36 चे (2x + 6)(2x − 6) लिहिणं चूक नाही, पण अर्धवट आहे. दोन्ही कंसांतून 2 निघतो. आधीच 4 बाहेर काढला असता तर 4(x + 3)(x − 3) एका दमात झालं असतं. आणि 12x² − 27 मध्ये सामाईक 3 काढलाच नाही तर 12 कुणाचा वर्ग नाही म्हणून पोट्टं ‘होत नाही’ असं लिहून उठतं. 3 काढल्यावर आत 4x² − 9 उरतं, मग 3(2x + 3)(2x − 3).

थांबायचं कुठे, हे x⁴ − 81 मध्ये कळतं. पहिल्या फेरीत (x² + 9)(x² − 9). दुसरा कंस पुन्हा वर्गांची वजाबाकी आहे, म्हणून (x² + 9)(x + 3)(x − 3). पहिला कंस वर्गांची बेरीज आहे, त्याला हात लावायचा नाही.