पाणीटंचाईवर गाणं लिहायचंय? मग आधी हापशीवर जाऊन बसा

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या काही भागांत, पाणी आहे पण ते खारं आहे, पिववत नाही. इथल्या माणसाला "पाणी वाचवा, पाणी जीवन आहे" असं गाणं ऐकवलं तर त्याला लागतं. ज्या बाईच्या घरी दिवसाला दोन गुंड गोडं पाणी येतं ती अजून काय वाचवणार?

माझं पहिलं कडवं असंच होतं, "जपून वापरा" वालं. मामीनं ऐकलं आणि म्हणाली, "हे आमाले काऊन सांगतं बाप्पा?" तेव्हा ते फाडलं.

मग पहिलं काम हे करा, सकाळी हापशीवर नाहीतर टँकर येतो तिथं तासभर बसा, गाण्याचं काही बोलू नका, फक्त ऐका. डाळ शिजत नाही, पाहुणा आला की चहा फाटतो, टँकर आला की पोरगी शाळेतून पळते, असं जे कानावर पडेल ते त्यांच्याच शब्दात लिहून घ्या. त्यातली एकच गोष्ट एका कडव्यात घ्यायची, दोन कोंबल्या की एकही दिसत नाही.

आता छंद. गावच्या खंजिरी मंडळाला अभंगाची चाल तोंडपाठ असते म्हणून मी तोच घेतो, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, जोडाक्षर एकच मोजायचं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. मामीचा चहा असा बसला:

गुंड भरला गं
हापशीच्या दारी
चहा फाटे घरी
पाहुण्याचा

इथं मला "किती हा अन्याय" लिहायची लई इच्छा झाली होती, पण पाहुण्यासमोर चहा फाटला की घरच्या बाईला काय वाटतं ते ऐकणाऱ्याला माहीत असतं, आपण सांगितलं की उलट ते पातळ होतं. दुसरं कडवं:

टँकर आला की
पोरगी धावते
गणित राहते
फळ्यावर

धृपद शोधत बसू नका, बाया रोज सकाळी एकमेकींना जे विचारतात तेच घ्या, "पाणी आलं का गं", मोजून सहा अक्षरं आहेत. दर कडव्यानंतर तोच प्रश्न आला की तो आपोआप जड होत जातो.

लिहून झालं की करा, द्या, वाचवा, जागे व्हा असे हुकूम शोधा आणि काढा. एखादी मागणी खरंच करायची असेल तर ती गावाकडे नको, ज्यांच्या हातात पाइपलाइन आहे त्यांच्याकडे करा, आणि तीही शेवटच्या एकाच कडव्यात.

मग ते त्याच बायांना म्हणून दाखवा. त्या माना डोलावून "चांगलं हाय" म्हणाल्या तर अजून काम बाकी आहे. मामीनं चहाचं कडवं ऐकलं आणि मधेच थांबवून म्हणाली, "अन् त्या दिशी तर जावईच आला होता ना." मी वही उघडली आणि तिसरं कडवं जावयावर सुरू केलं.