फोटोतलं कोनिक्सचं गणित सोडवायच्या आधी

अकरावीच्या परीक्षेआधी मित्रांकडून पुस्तकाच्या पानाचे फोटो येऊ लागतात. असा फोटो आला की पेन उचलायच्या आधी तो मोठा करून समीकरण वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्या. तीन जागा नीट निरखा: दोन पदांमधलं चिन्ह, डोक्यावरचा वर्गाचा 2 आणि उजवीकडची संख्या. पानाच्या घडीत किंवा सावलीत सगळ्यात आधी हरवतं ते वजाचं चिन्ह, आणि त्याच्याबरोबर अख्खं उत्तर बदलतं.

समजा, तुम्ही 16x² − 9y² = 144 असं वाचलंत. आधी 144 ने भागून उजवीकडे 1 आणा: x²/9 − y²/16 = 1. मध्ये वजा आहे, म्हणजे हा हायपरबोला. इथे बरेच जण चुकतात. इलिप्समध्ये मोठा छेद शोधायची सवय असते, म्हणून 16 पाहून फोकस y-अक्षावर ठेवतात. हायपरबोलात छेद किती मोठा हे बघायचंच नाही, कोणतं पद धन आहे ते बघायचं. इथे x² धन आहे, म्हणून a = 3, b = 4. मग c² = 9 + 16 = 25, फोकस (±5, 0), e = c/a = 5/3 आणि डायरेक्ट्रिक्स x = ±a/e, म्हणजे x = ±9/5.

तेच चिन्ह अधिक असतं तर x²/9 + y²/16 = 1 हा इलिप्स. आता मात्र मोठा छेद y² खाली आहे, म्हणून फोकस y-अक्षावर. बेरजेऐवजी वजाबाकी: 16 − 9 = 7. फोकस (0, ±√7), e = √7/4, डायरेक्ट्रिक्स y = ±16/√7.

पॅराबोलाचं काम थोडक्यात होतं, कारण e नेहमी 1. फक्त 3y² = 16x असं दिसलं तर आधी 3 ने भागा. 4a = 16/3, म्हणून a = 4/3, फोकस (4/3, 0), डायरेक्ट्रिक्स x = −4/3. न भागता a = 4 लिहिणारे वर्गात दरवर्षी भेटतात.

शेवटी वक्रावरचा एक बिंदू घेऊन ताळा करा. वरच्या हायपरबोलावर (3, 0) घेतला, तर (5, 0) या फोकसपासून तो 2 अंतरावर आहे आणि x = 9/5 पासून 6/5 अंतरावर. 2 ला 6/5 ने भागलं की 5/3 येतं, म्हणजे e जुळला. पण हा ताळा फक्त आकडेमोड तपासतो. चिन्ह चुकीचं वाचलं असेल तरीही तो जुळेल, म्हणून शंका असेल तर तेवढ्या एका ओळीचा जवळून काढलेला फोटो पुन्हा मागवा.