लहान मुलांचा टीबी ओळखताना या चुका टाळा

तीन वर्षांची मुलगी. तीन आठवडे ताप आणि खोकला, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झालेले. बेडक्याच्या डबीत नुसती लाळ. "थुंकतच नाही हो ती," आई म्हणाली. त्या लाळेचाच रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि टीबी नाही म्हणून तिला आधी घरी पाठवलं होतं.

चूक तिथेच झाली. पाच-सहा वर्षांखालचं मूल बेडका थुंकत नाही, गिळून टाकतं. त्यात मोठ्यांसारखी फुफ्फुसात पोकळी सहसा पडत नाही, त्यामुळे जंतूही थोडेच असतात. रात्रभर गिळलेला बेडका पोटात साठतो. म्हणून पहाटे, मूल उठून काही खायच्या-प्यायच्या आत, नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात आणि टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट या तपासणीला पाठवतात. लागोपाठ दोन दिवस काढलं तर बरं. नमुना लॅबमध्ये पोचायला उशीर होणार असेल तर पोटातल्या आम्लाने जंतू मरू नयेत म्हणून त्यात सोडियम बायकार्बोनेट घालावं लागतं. एवढं करूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि तेवढ्यावरून टीबी नाही असं म्हणता येत नाही.

दुसरी चूक प्रश्नात असते. "घरात कुणाला टीबी आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. लोक लपवतात, किंवा पाहुणा त्यांच्या लेखी घरातला नसतो. मी विचारलं, "गेल्या दोन वर्षांत हिच्याजवळ कुणी खूप दिवस खोकत होतं का?" तेव्हा आजी बोलली. दिवाळीला आलेला मामा दीड महिना राहिला होता, रात्री हिला कुशीत घेऊन झोपायचा. आता त्याच्या गोळ्या सुरू आहेत.

मग अंगणवाडीचं कार्ड मागवलं. चार महिन्यांपूर्वी ११.४ किलो, मग ११.५, आता ११.३. एकेक नोंद पाहिली तर काहीच वाटत नाही, पण रेघ आडवी झालेली दिसते. नीट जेवणाऱ्या मुलाचं वजन तीन महिने हललं नाही, तर कारण शोधायलाच हवं.

एक्स-रेत फुफ्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या गाठी शोधायच्या. पण रडणारं मूल जरा वळलं तरी तिथे खोटी सावली उमटते. म्हणून आधी दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा. शंका राहिली तर बाजूने दुसरा फोटो घ्या. हिच्या सरळ फोटोत उजवीकडे गाठ स्पष्ट होती.

हाताच्या कातडीत सुई टोचून करतात त्या मांटू टेस्टवर एकटीवर विसंबू नका. कुपोषित मुलात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि पॉझिटिव्ह आली तरी तिचा अर्थ जंतूंचा संसर्ग झाला इतकाच, आजार झालाच असा नाही.

पोटातल्या पाण्याचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. तरी संपर्क, वजन आणि गाठ या तिन्हींच्या आधारावर उपचार ठरले. त्याआधी मामाचा सीबीनॅटचा रिपोर्ट मागवला. त्याच्या जंतूंवर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालत नसतं, तर हिलाही नेहमीच्या गोळ्या लागू पडल्या नसत्या.