टाइमआउटचा पुरावा जोडला, तेव्हा सपोर्ट हलला

‘साइट अधूनमधून अडकते’ या माझ्या पहिल्या मेलला होस्टिंगवाल्यांचं ठरलेलं उत्तर आलं: क्वेरी सुधारा. मग मायएसक्यूएलचा स्लो लॉग उघडला. एरवी 40 मिलिसेकंदांत होणारी ऑर्डरची क्वेरी रात्री 2:30 ते 2:40 मध्येच 30 सेकंद लटकत होती. `EXPLAIN` ने दाखवलेला क्वेरीचा आराखडा तोच, आमचं क्रॉनचं ठरलेलं कामही तेव्हा नसतं. त्याच मिनिटांना `vmstat` मध्ये `wa`, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात जाणारा सीपीयूचा वेळ, 70 टक्क्यांच्या वर; `st`, म्हणजे होस्टवरच्या इतर मशीनमुळे हुकलेला वेळ, शून्य. म्हणजे घोळ डिस्कचा. लॉगच्या वेळा यूटीसीत होत्या (यात माझा एक दिवस गेला), म्हणून मेलमध्ये यूटीसी आणि स्थानिक अशा दोन्ही वेळा दिल्या, तीन रात्रींच्या ओळी जोडल्या आणि एकच विचारलं: तेव्हा होस्टवर काय चालतं? उत्तर आलं, स्नॅपशॉट बॅकअप. त्यांनी आमचं मशीन दुसऱ्या नोडवर हलवलं.