वाढदिवस दोनदा दिसतो किंवा दिसतच नाही? कॅलेंडरमध्ये खोडाखोड करण्याआधी हे वाचा

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या वहिनींचा गेल्या महिन्यात फोन आला. हिंजवडीतल्या नव्या नोकरीमुळे त्यांच्या अँड्रॉइड फोनवर आता दोन गूगल खाती आहेत, एक घरचं आणि एक ऑफिसचं. "अहो भावोजी, कॅलेंडरमध्ये ह्यांचा वाढदिवस दोनदा येतोय, दिवाळीही दोनदा येतेय आणि आत्यांचा वाढदिवस कुठेच नाही. मी एक-एक खोडत बसलेय."

खोडत बसणं हीच पहिली चूक. गूगल कॅलेंडरमधले बहुतेक वाढदिवस कॅलेंडरमध्ये कोणी लिहिलेले नसतात, ते त्या-त्या खात्याच्या कॉन्टॅक्ट्समधून येतात. म्हणून दुरुस्तीही तिथेच करायची.

दादाचा नंबर वहिनींनी घरच्या खात्यात ठेवला होता. ऑफिसचं खातं जोडल्यावर तो तिथेही सेव्ह केला आणि दोन्हीकडे जन्मतारीख भरली. दोन खात्यांत दोन नोंदी, म्हणून कॅलेंडरमध्ये दोन वाढदिवस. फसगत अशी होते की अनेक फोन अशा नोंदी जोडून यादीत एकच नाव दाखवतात, त्यामुळे दोन आहेत हे लक्षातच येत नाही. कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप करून एका वेळी एकच खातं निवडलं की खरं चित्र दिसतं. `Merge & fix` इथे उपयोगी पडत नाही, कारण ते एकाच खात्यातल्या दुहेरी नोंदी जोडतं, दोन खात्यांमधल्या नाही. आम्ही ऑफिसच्या खात्यातली दादाची नोंद काढली. घरची माणसं घरच्याच खात्यात असावीत असं माझं स्पष्ट मत आहे: नोकरी सुटली की ऑफिसचं खातं बंद होतं आणि त्यातले नंबर, तारखा हातातून जातात.

आत्यांची गोष्ट उलटी होती. त्यांचा नंबर आणि जन्मतारीख दोन्ही फोनमध्ये होतं, पण कुठल्याच गूगल खात्यात नव्हतं. नंबर सेव्ह करताना वर `Device` निवडलेलं राहिलं होतं. अशी नोंद फक्त त्या फोनमध्ये राहते. ती गूगलपर्यंत पोहोचतच नाही, मग गूगल कॅलेंडरला कळणार कशी? ती नोंद उघडून तीन टिंबांच्या मेनूतून `Move to another account` निवडलं आणि घरचं खातं दिलं. पुढे पुन्हा तसं होऊ नये म्हणून कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये नव्या नोंदींसाठी घरचं खातंच ठरवून टाकलं. बदल लगेच दिसेलच असं नाही, थोडा वेळ द्यावा. आत्यांचा वाढदिवस संध्याकाळपर्यंत आला.

एवढं करूनही कोणाचा वाढदिवस दिसत नसेल तर तीन गोष्टी पाहा. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या खात्याचं कॉन्टॅक्ट्सचं सिंक सुरू आहे का? कॅलेंडरचं सिंक वेगळं असतं, ते चालू असून भागत नाही. कॅलेंडर ॲपच्या डावीकडच्या मेनूत `Birthdays` समोर टिक आहे का? आणि तारीख वाढदिवसाच्याच रकान्यात आहे का? "नोट्स"मध्ये "जन्म 12 मार्च" लिहिलेलं असलं तर कॅलेंडर ते वाचत नाही. वर्ष माहीत नसेल तर नुसता दिवस आणि महिना भरला तरी चालतो.

दिवाळीचं कारण साधं होतं. प्रत्येक गूगल खात्यासोबत भारतातल्या सुट्ट्यांचं एक कॅलेंडर येतं, म्हणून दोन खाती असली की दिवाळी दोनदा. एका खात्याच्या सुट्ट्यांची टिक काढली की झालं.

मात्र एक उपाय कृपया करू नका. कुणी तरी सांगतं, "ॲप्समध्ये जाऊन `Contacts Storage` चा डेटा क्लिअर कर, सगळं नीट होईल." खात्यातल्या नोंदी नंतर पुन्हा उतरतात, पण आत्यांसारख्या फक्त फोनमध्ये असलेल्या नोंदी कायमच्या जातात. वहिनी हे करायच्या बेतात होत्या.

आणि हाताने लिहिलेला एखादा कार्यक्रम चुकून खोडला असेल तर कॉम्प्युटरवर गूगल कॅलेंडर उघडून सेटिंग्जच्या चाकावर क्लिक करा. तिथल्या `Trash` मध्ये तो साधारण 30 दिवस राहतो.

आमच्या आजी वाढदिवस तिथीने करतात, तो या सगळ्यात बसत नाही. इंग्रजी तारखेप्रमाणे तिथी दरवर्षी सरकते, त्यामुळे नवीन पंचांग घरी आलं की वहिनी तो दिवस पाहून एकाच वर्षापुरती नोंद करतात, "दरवर्षी" न निवडता.