बिल थकलंय? थेट दावा लावण्याआधी या चुका टाळा

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने पुण्याच्या कंपनीला ६,४०,००० रुपयांचे पार्ट दिले. उधारी ३० दिवसांची होती. ती मुदत १० मार्च २०२३ ला संपली, आणि तेव्हापासून फोनवर एकच उत्तर मिळतंय, "पुढच्या महिन्यात करतो."

पहिली चूक याच फोनवर विसंबण्याची. दाव्याची मुदत ३ वर्षं, आणि तोंडी आश्वासनाने ती एका दिवसानेही वाढत नाही. मुदत संपण्याआधी सहीनिशी बाकी कबूल करून घ्या. थोडी रक्कम बँकेतून जमा झाली आणि तिची देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी लेखी नोंद राहिली, तरी मुदत नव्याने सुरू होते.

मग वकील गाठून थेट दावा लावायचा, ही दुसरी आणि जास्त महागात पडणारी चूक. ३ लाखांवरच्या व्यापारी वादात तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळली तर दावा नाकारला जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. २०१८ च्या नियमांनुसार अर्जाचे १,००० रुपये आणि या रकमेला मध्यस्थाची फी १५,००० रुपये, तीही दोघांत निम्मी. ३ महिन्यांत निकाल लागतो, दोघांच्या संमतीने आणखी २ महिने मिळतात, आणि हा काळ दाव्याच्या मुदतीत धरत नाहीत. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याचा रस्ता मोकळा होतो. तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याचं बळ असतं; पैसे चुकवले की वसुलीसाठी सरळ दरखास्त दाखल करता येते. दाव्यात मात्र रकमेनुसार कोर्ट फी आधी भरावी लागते, आणि निकालाला वर्षं लागू शकतात.

पण आधी पर्चेस ऑर्डरची मागची बाजू वाचा. बारीक अक्षरात लवादाचं कलम असेल, तर समोरच्याने वेळेत अर्ज केल्यावर कोर्ट प्रकरण लवादाकडेच पाठवतं. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाच्या दराने, ६.४ लाखांच्या वादात एकट्या लवादाची फी साधारण ६२,००० रुपये होते, म्हणजे तुमच्या वाट्याला ३१,०००. कैफियती पूर्ण झाल्यावर निवाड्याला १२ महिन्यांची मुदत आहे, पण त्यानंतर कोर्टात आव्हानही देता येतं. कंपनीने एकतर्फी नेमलेला लवाद मुकाट मान्य करू नका. अशा नेमणुकीवर दिलेला निवाडा पुढे टिकणं कठीण.

उत्पादक किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगाला आणखी एक वाट आहे: थकीत बिलांचे वाद ऐकणारी सरकारची सुविधा परिषद. तिथे आधी समेट, तो फसला तर लवाद. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. पण उद्यम नोंदणी ऑर्डरनंतरची असेल, तर समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप तोच असतो.